स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन: सहा इंची की आठ इंची?

नाशिकच्या इंदिरानगर किंवा सिडको भागातील एखाद्या फ्लॅटमध्ये दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच स्वयंपाकघर आहे असे धरू. त्याचे घनफळ ७६० घनफूट, म्हणजे सुमारे २१.५ घनमीटर होते. घरगुती स्वयंपाकघरातील हवा तासाला १५ ते २० वेळा बदलावी, असा सर्वसाधारण निकष आहे. त्यानुसार फॅनने तासाला ३२३ ते ४३० घनमीटर हवा बाहेर टाकायला हवी. मिसळीच्या कटासाठी सुक्या मिरच्या आणि खोबरे नेहमी भाजले जात असेल, तर वरचा आकडा धरलेला बरा.

खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो फॅनसमोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. प्रत्यक्षात मागची झडप, जाळी आणि पात्यांवर साचणारा तेलकट थर यांमुळे तो घटतो. म्हणून मी हिशोबात एक चतुर्थांश घट धरतो. सहा इंची फॅनवर २८० घनमीटर लिहिले असेल, तर हाती २१० उरतात आणि तासाला जेमतेम दहा वेळाच हवा बदलते. आठ इंची फॅनवर ५०० लिहिले असेल, तर ३७५ उरतात, म्हणजे साडेसतरा वेळा. मॉडेलनुसार हे आकडे बदलतात, त्यामुळे इंचांपेक्षा खोक्यावरील आकड्याला महत्त्व द्यावे. तो सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत असेल, तर तासाचे घनमीटर काढण्यासाठी १.७ ने गुणावा.

मात्र आठ इंची फॅनसाठी तेवढीच हवा आत यायला मोकळी जागाही हवी. दार बंद करून पाऊण मीटर रुंद आणि एक सेंटीमीटर उंच फटीवर भिस्त ठेवली, तर त्या फटीतून हवेला सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने यावे लागेल. इतकी ओढ असा फॅन निर्माण करूच शकत नाही आणि तो नुसता आवाज करत फिरतो. फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडली, तर बाहेरची हवा तिथून आत येऊन लगेच फॅनमधून निघून जाते आणि शेगडीवरचा धूर जागीच राहतो. म्हणून फॅनच्या समोरच्या बाजूचे दार उघडे ठेवावे. उदबत्ती शेगडीजवळ धरून धूर फॅनकडे सरळ वळतो का, हे पाहिले की लगेच कळते. ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल, तर ही काळजी अधिकच घ्यावी, कारण बंद घरात फॅनच्या ओढीने त्याचा विषारी वायू आत खेचला जाऊ शकतो.

वळणांच्या लांब पाइपातून हवा काढायची असेल, तर पात्यांचे हे दोन्ही फॅन कमी पडतात; तिथे ब्लोअरची चिमणीच लागते. खिडकीत किंवा बाहेरच्या भिंतीत थेट बसवायचा असेल, तर या स्वयंपाकघरासाठी मी आठ इंचीच सुचवेन. सहा इंचीचे भोक आधीच पाडलेले असेल, तर ते वाढवण्याचा खर्च करावा.