मुलगा मीम पाठवतो, मी ते मॉडेलला दाखवते: आठ महिन्यांचा अनुभव

माझा मुलगा मेलबर्नला शिकतो. फोन आठवड्यातून एकदाच होतो, पण मीम रोज येतं. सोबत एक शब्दही नसतो. मीम म्हणजेच त्याचं पत्र. पूर्वी निम्मी मला कळायची नाहीत. आठ महिन्यांपूर्वी मी ती जशीच्या तशी, काहीही न लिहिता, एआय मॉडेलला दाखवायला लागले.

इंग्रजी मीममध्ये मॉडेल फार कामाला येतं. प्रेयसीचा हात धरून चालणारा मुलगा मागे वळून दुसऱ्या मुलीकडे बघतो, ते चित्र तुम्ही पाहिलंच असेल. एका स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ साली काढलेला तो फोटो २०१७ मध्ये मीम म्हणून जगभर पसरला. मुलाने पाठवलेल्यात मागे वळणारा होता ‘मी’, शेजारची ‘परीक्षा’ आणि पलीकडची ‘झोप’. मॉडेलने तिन्ही नावं वाचून, कोण कोणाला सोडून कोणाकडे बघतंय ते दोन वाक्यांत सांगितलं. असा साचा हजारो वेळा वापरला गेलेला असतो, त्यावर भरपूर लिहिलेलंही असतं, आणि विनोदाचं सगळं सामान चित्रातच असतं. म्हणून तिथे ते सहसा चुकत नाही.

चुकतं ते विनोद चित्राबाहेर असला की. मार्चमध्ये मुलाची सायकल चोरीला गेली. त्याने रिकाम्या स्टँडचा आणि तुटलेल्या कुलपाचा फोटो पाठवला, वर लिहिलं होतं, ‘सत्तर रुपये वारले’. मी वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. मग तेच मॉडेलला दाखवलं. देवनागरी त्याने अचूक वाचली. ‘वारणे’ हे माणसासाठी आदराने वापरायचं क्रियापद पैशाला लावलंय, गंमत त्यात आहे, हेही बरोबर सांगितलं. इथवर मला कौतुकच वाटलं. पण पुढे त्याने सत्तर रुपये ही कुलपाची किंमत धरली, नुकसान तसं लहान आहे असा दिलासा दिला आणि चांगलं कुलूप कसं निवडावं ते सांगायला लागलं.

मराठी घरात हे कोणालाही सांगावं लागत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये घरमालक मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये मागतो, तेव्हा औषध आणणारा मित्रच वारल्याचं त्याला सांगतात, आणि त्याच्यामागे पैसेही वारतात. तेव्हापासून कुठलेही बुडालेले पैसे आपल्याकडे सत्तरच असतात, मग बुडालेले सत्तर हजार का असेनात. मॉडेलला व्याकरणातला विनोद सापडला, आठवणीतला निसटला. अर्धा विनोद समजणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

असं अर्धवट समजलेलं ओळखायला कठीण जातं, कारण उत्तराचा सूर पूर्ण खात्रीचा असतो. मग मी एक पडताळा शोधला. अर्थ विचारायचा नाही. तोच विनोद दुसऱ्या प्रसंगावर करायला सांगायचा. हरवलेल्या छत्रीवर कर म्हटलं, तर त्याने लिहिलं, ‘चारशे रुपये वारले’. आकडा बदलला, तिथेच कळलं की विनोदाची कळ त्याला सापडलेली नाही. सिनेमाचं नाव टाइप केल्यावर मात्र त्याने सत्तर जागेवर ठेवले. म्हणजे माहिती त्याच्याजवळ होती. फोटोतल्या सायकलीवरून तिच्यापर्यंत पोचायची वाट सापडली नव्हती.

जुलैमध्ये मुलगा आणि त्याचे तीन मित्र भाड्याने घर शोधत होते. एके रात्री त्याने त्याच सिनेमातलं, साडी नेसलेल्या दोघांचं नुसतं चित्र पाठवलं. वर अक्षर नाही. ‘आता घर मिळवायला एवढंच करायचं राहिलंय,’ असा त्याचा अर्थ. मॉडेलने दोन स्त्रिया, घरगुती वातावरण, आनंदी प्रसंग असं वर्णन केलं. चेहऱ्यावरून खऱ्या माणसाचं नाव सांगायचं नाही असा निर्बंध बऱ्याच मॉडेलांना घातलेला असतो. तो हवाच, असं माझं मत आहे. पण नाव नाही, शब्द नाही, मग त्या चित्रामागची घरमालकीण आणि भाड्याच्या खोलीसाठीची ती सगळी धडपड त्याला कुठून दिसणार?

त्या चित्रात माझ्यासाठी दुसरीही एक गोष्ट होती. मुलगा दमला होता. घर मिळत नाही हे सरळ सांगणं त्याला जड जात होतं, म्हणून त्याने आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत दहादा पाहिलेला सिनेमा पाठवला. उलट, ‘सोमवार आला’ एवढंच लिहिलेल्या पेंगुळलेल्या मांजराच्या साध्या मीमवर मॉडेलने मला ताण कमी करण्याचे उपाय सांगितले होते. जिथे काळजी नव्हती तिथे त्याला दिसली, जिथे होती तिथे दिसली नाही.

आता इंग्रजी मीम मी त्याला बिनधास्त दाखवते. मराठी मीम आधी स्वतः वाचते. त्या रात्री मी मॉडेल बंद केलं आणि मुलाला फोन लावला. तिकडे पहाट झाली होती, तरी त्याने पहिल्याच रिंगला उचलला.