फिनास्टेराइडची गोळी की मिनॉक्सिडिल: मी काय निवडलं आणि का

दोन्ही औषधं मी वापरली आहेत. केस वाचवण्याच्या बाबतीत गोळी जास्त ताकदवान आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. आनुवंशिक टक्कल पडतं ते डीएचटी या संप्रेरकामुळे. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणाऱ्या विकराला फिनास्टेराइड अडवतं, आणि 1 मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने रक्तातलं डीएचटी साधारण दोनतृतीयांशाने खाली येतं. टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल डीएचटीला हातही लावत नाही. ते केसांची वाढीची अवस्था लांबवतं, पण मूळ कारण आपलं काम करतच राहतं. टाळूवरचे केस नुकतेच विरळ व्हायला लागले असतील, तर नुसत्या केसांच्या हिशेबात गोळी पुढे आहे.

अडचण दुसरीकडे आहे. गोळीला मान्यता मिळाली त्या वेळच्या वर्षभराच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्के पुरुषांनी सांगितल्या, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 2.1 टक्के पुरुषांनी. कामेच्छा कमी होणं, ताठरता न टिकणं, वीर्य कमी येणं अशा त्या तक्रारी होत्या. फरक लहान आहे, पण खरा आहे. शंभरातले दोघेतिघे यात सापडले तरी आपण त्यांच्यात आहोत की नाही, हे आकडा सांगत नाही.

माझा निर्णय याच मुद्द्यावर झाला. गोळी सुरू केल्यावर इच्छा थोडी मंदावल्यासारखी वाटली. ती गोळीमुळे होती, की कामाच्या ताणामुळे, की आधी वाचून ठेवल्यामुळे, हे मला ठरवता येईना. पुरुषाच्या आयुष्यात अशा रात्री एरवीही येतात आणि तो त्या विसरून जातो. गोळी चालू असताना मात्र प्रत्येक साध्या रात्रीची नोंद मनात राहायची. पत्नीशी याबद्दल बोललो तेव्हा तिला काही फरक जाणवला नव्हता, तरी माझी शंका गेली नाही.

ही शंका निव्वळ माझ्या स्वभावातून आली असंही नाही. प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्या रुग्णांवरचा 2007 सालचा एक अभ्यास आहे. त्यात ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली होती, त्यांच्यापैकी जवळजवळ 44 टक्क्यांनी तक्रार केली. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण 15 टक्के होतं. म्हणजे भीतीचा वाटा मोठा आहे. पण न सांगता 15 टक्के जणांना त्रास जाणवला, हेही त्याच अभ्यासात आहे. एकाच माणसात औषध किती आणि भीती किती, हे वेगळं काढायची सोय नाही.

त्यात दोन्ही पारड्यांतल्या गोष्टी सारख्या दिसत नाहीत. त्रास झालाच तर बहुधा लवकर जाणवतो. फायदा कळायला मात्र वर्ष द्यावं लागतं, आणि तोही बराचसा न गळलेल्या केसांचा असतो, जे कधी डोळ्यांत भरत नाहीत.

गोळी बंद केली की डीएचटी साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं, आणि बहुतेकांच्या तक्रारीही हळूहळू जातात. माझं तसंच झालं. पण काहींनी औषध सोडल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2012 मध्ये ही बाब माहितीपत्रकात घालायला लावली. हे का होतं आणि नेमकं कितीजणांना होतं, यावर अजून एकमत नाही. उदासी आणि आत्महत्येच्या विचारांबद्दलचा इशाराही नंतर आला. तो ज्यांना पूर्वी नैराश्य आलं आहे, त्यांनी गांभीर्याने घ्यावा. मन उतरू लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावं.

मिनॉक्सिडिलचे त्रास वेगळे आहेत. दिवसातून दोनदा लावा, वाळेपर्यंत थांबा. सुरुवातीला केस जास्तच गळतात. टाळू खाजते, कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, आणि सोडलं की मिळालेलं जातं (ते गोळीच्या बाबतीतही खरं आहे). पण हे सगळं आरशात दिसतं, बोटांना लागतं. खाज आली की ती कशामुळे, याबद्दल प्रश्न पडत नाही.

म्हणून मी मिनॉक्सिडिलवर आलो. टाळूवर पूर्वीइतकी दाटी नाही आणि गोळी चालू ठेवली असती तर कदाचित ती जास्त राहिली असती, हे मला मान्य आहे. ज्याचे केस झपाट्याने जात आहेत आणि ज्याचा स्वभाव अशा गोष्टी मनात घोळवत बसण्याचा नाही, त्याच्यासाठी गोळी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. फक्त सुरू करण्यापूर्वी महिनाभर आपली इच्छा, सकाळची ताठरता, झोप आणि मनःस्थिती थोडक्यात लिहून ठेवावी. पुढे शंका आली तर ताडून पाहायला ती नोंद हाताशी असते. मूल होण्याचा विचार चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावं. आणि पुढे कधी प्रोस्टेटसाठी पीएसएची तपासणी करायची झाली, तर गोळी चालू असल्याचं आवर्जून कळवावं, कारण तिच्यामुळे तो आकडा सुमारे निम्म्यावर येतो.