दोन मॉनिटर, एक विंडो: डोळ्यांनी जुळवायचं की कॅलिब्रेटरने?

पंचवटीतल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम दोन मॉनिटरवर तयार होतात. एक जुना २४ इंची, दुसरा नवा २७ इंची, जास्त रंग दाखवणारा. फोटोची विंडो जुन्यावरून नव्यावर सरकवली की नवरीच्या शालूचा लाल भडक व्हायचा, हळदीचा पिवळा तर डोळ्यांत खुपायचा. दोन्ही उपाय मी करून पाहिलेत.

डोळ्यांनी जुळवायला खर्च काहीच नाही. दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, नाइट लाइट आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. नव्याच्या मेनूत sRGB मोड निवडा. हा मोड रंग नेहमीच्या मर्यादेत आणतो. भडकपणाचं मूळ नव्याच्या त्या जास्त रंगांत आहे आणि नुसत्या ब्राइटनेसने ते जात नाही. मग नोटपॅडची कोरी विंडो दोन्हींवर अर्धी-अर्धी ठेवा. जो मॉनिटर मुळात अंधुक, त्याच्याइतका दुसरा खाली आणा. पांढरा निळसर दिसला तर मेनूतला निळ्याचा गेन, म्हणजे निळ्याचा जोर, थोडा कमी करा. गेन वाढवायचा नाही, कमीच करायचा. एक अडचण मात्र येते: बऱ्याच मॉनिटरवर sRGB मोडमध्ये गेन बदलता येत नाही, काहींवर ब्राइटनेससुद्धा. शिवाय पांढरा जुळला तरी मधले करडे जुळतीलच असं नाही.

कॅलिब्रेटर म्हणजे पडद्यावर ठेवून त्याचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र. आमचा जुना मॉनिटर ब्राइटनेस १०० वर असताना दर चौरस मीटरला १४० कँडेलाच उजेड देत होता, म्हणून दोन्हींसाठी १२० कँडेला, ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ठरवला. करडे नीट बसले, त्वचेचा रंग दोन्हीकडे सारखा आला. पण यंत्राने बनवलेलं प्रोफाइल, म्हणजे मॉनिटरच्या रंगांची नोंद, फोटोशॉपसारखे प्रोग्रॅमच पूर्ण पाळतात. फोटो पाहायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये शालू पुन्हा भडकतो, म्हणून sRGB मोड चालत असेल तर तो ठेवूनच मोजा. मोजण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा योग्य प्रकार निवडला नाही, तर आकडे जुळूनही एक पांढरा गुलाबी दिसतो. प्रकार बरोबर असूनही थोडा फरक उरू शकतो, कारण दोन वेगळ्या बॅकलाइटचं मोजमाप एक आलं तरी डोळ्याला ते वेगळे भासतात. अशा वेळी एका मॉनिटरचा पांढरा डोळ्यांनी किंचित हलवून घ्यायला मला संकोच वाटत नाही.

काळा रंग मात्र दोन्ही उपायांनी जुळत नाही. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीए पॅनेलचा ३०००:१ च्या आसपास. रात्रीच्या वरातीचे फोटो पाहताना हा फरक लगेच कळतो. त्याहून जास्त, म्हणजे काळा थेट राखाडी दिसत असेल, तर आधी ग्राफिक्स सेटिंगमध्ये एचडीएमआयची रेंज ‘लिमिटेड’ तर नाही ना, ते बघा.

हिशेब, मेल, कोड एवढंच काम असेल तर डोळ्यांची पद्धत पुरे, कॅलिब्रेटर घेऊ नका. अल्बम छापायला जाणार असेल तर घ्या, आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. आणि ज्या नव्या मॉनिटरच्या sRGB मोडमध्ये ब्राइटनेस बदलत नाही, तो दुकानातून उचलूच नका.