हलकी म्हणून घेतलेली डिस्क उचलताना कंबर धरली, तरी कळलं नाही

एकूण १,८९,००० रुपये गेले. गाडीच्या पुढच्या दोन ‘कार्बन सिरॅमिक’ ब्रेक डिस्कचे १,६८,५००, पॅडचे १४,०००, फिटिंगचे ६,५००. लाज वाटते, पण लिहितो.

मी अगदीच अडाणी नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटाने महिन्यातून दोनदा कोकणात जातो, गाडी अठराशे किलोची, उतारावर ब्रेकचा वास यायचा. दुकानदाराने आधी ‘एफ वनवाली प्युअर कार्बन’ दाखवली. ती मी नाकारली, याचा तेव्हा अभिमान वाटला होता. निव्वळ कार्बनची डिस्क १००० अंशांपर्यंत चालते, पण तीनेकशे अंशांच्या खाली धड पकडतच नाही. सकाळी सोसायटीच्या गेटवर ती काय थांबवणार? मग तो म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला कळतं. तुमच्यासाठी सिरॅमिक.’ तिथेच मी गेलो.

आपण ‘स्टील डिस्क’ म्हणतो ती मोटारीत बहुधा बिडाची असते, आपल्या घावन-डोशाच्या तव्याची भावंडं. (स्टेनलेस स्टील बाइकच्या डिस्कला.) बीड ६००-७०० अंशांनंतर कुरकुरतं. कार्बन सिरॅमिकमध्ये कार्बन तंतूंच्या साच्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात, तेही १४०० अंशांच्या वर. ती १००० अंशांलाही दबत नाही आणि वजन बिडाच्या जवळपास निम्मं. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ला ती दिली, तेव्हापासून तिचा मोठा गुण हाच: हलकेपणा.

आणि माझ्या दारात आलेल्या खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी होती: २१.४ किलो. दोन डिस्क! लिफ्ट बंद होती, दोन मजले मी स्वतः चढवलं आणि वर येऊन बायकोला म्हणालो, ‘बघ, मालच दणकट आहे.’ हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात. माझ्या जुन्या बिडाच्या डिस्कही साडेदहा-साडेदहा किलोच्याच होत्या. किराणा दुकानाच्या काट्यावर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

दिसायला मात्र फसण्यासारखीच होती. खऱ्या डिस्कवर तंतूंचे करडे-काळे तुकडे दिसतात, तसेच यावर होते. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये पॅड जिथे घासतो तिथली ती नक्षी निघून खाली चकचकीत धातू आला. दुकानदाराला फोन केला, तर ‘बेडिंग होतंय, पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसताहेत.’ मी मान्यही केलं! गाडी धुऊन रात्रभर उभी ठेवली, सकाळी डिस्कवर नारिंगी गंज. सिरॅमिक गंजत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकने फ्रिजवरचं चुंबक आणून घासपट्टीवर टेकवलं, ते टक्कन चिकटलं. चुंबक तिथेच लावा. मधल्या टोपीवर लावून उपयोग नाही, ती खऱ्या डिस्कचीही धातूचीच असते.

पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, ‘सिरॅमिक म्हणजे फरशी ना? ती गाडीला कशाला लावली?’ मग बिल वाचलं: ‘ब्रेक डिस्क सेट, सिरॅमिक फिनिश’. ‘फिनिश’ या एका शब्दाने माझा खेळ संपवला. दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. ग्राहक तक्रारीचं तर विचारूच नका: माझी तक्रार दुकानदाराकडेच गेली, त्याने ‘माल वर्णनाप्रमाणे’ असं कळवलं आणि मला संदेश आला, ‘निराकरण झाले’. कोणाचं निराकरण? पुन्हा गेलो तर प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. चुंबक घेऊन गेलो होतो, कोणी पाहिलंही नाही.

‘सिरॅमिक पॅड’ हे निराळं प्रकरण, ते बिडाच्या डिस्कवरच चालतात; त्या नावाने कोणी डिस्क विकत असेल तर उठा. बिलावर पदार्थाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

सगळ्यात जास्त झोंबलं ते मेकॅनिकचं गणित. ताशी शंभरवरून एकदा थांबलात की माझ्या गाडीत पुढच्या दोन डिस्क मिळून पन्नासेक अंश तापतात. त्याच मापाची निम्म्या वजनाची सिरॅमिक उलट जास्त तापते, फक्त तिला ते सोसतं. रेसट्रॅकवर पुन्हा पुन्हा तसं थांबणाऱ्याला तिचा उपयोग. मला घाटात दुसरा गिअर आणि ताजं ब्रेक ऑइल पुरलं असतं. ‘अहो, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरता तुम्ही,’ तो म्हणाला.

जुन्या डिस्क दुकानदाराने ‘भंगारात घेतो’ म्हणून ठेवून घेतल्या होत्या, म्हणून २३,४०० रुपयांची नवी बिडाची जोडी घ्यावी लागली. ‘सिरॅमिक’ जोडी बाल्कनीत आहे. तिच्याखालच्या पांढऱ्या फरशीवर गंजाचे दोन गोल उमटलेत, घासून जात नाहीत.