आंब्याच्या सीझनला रील टाकू, कॅरोसेल टाकू की नुसती स्टोरी?

देवगड-रत्नागिरीकडे बाग आहे आणि पुण्या-मुंबईला पेट्या थेट इन्स्टावरून विकायच्यात असं धरून चालू, कारण मार्च आला की हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बहुतेक जण एकच फोटो रील, कॅरोसेल, स्टोरी आणि साधी पोस्ट अशा चारही ठिकाणी टाकतात आणि मग म्हणतात इन्स्टावर काही होत नाही. अहो, बघणाऱ्याने पुढे काय करावं हे आधी ठरवा ना, फॉरमॅट त्यावरून निघतो.

तुम्हाला अजून कुणी ओळखतच नसेल तर रील. तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत सगळ्यात जास्त तेच जातं, पण लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांत अंगठा सरकवतात, त्यामुळे लोगो, बागेचं गेट, "नमस्कार मंडळी" हे सगळं कापून टाका आणि थेट झेल्याने आंबा उतरतोय, देठ तुटला आणि चीक आला तिथूनच सुरू करा. मजकूर स्क्रीनच्या मधोमध ठेवा, खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं असतात, त्यांच्याखाली गेलेला फोन नंबर कुणालाच दिसत नाही. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क राहिला असेल तर इन्स्टा ते रील नवीन लोकांना दाखवायला टाळतं, तेव्हा मूळ फाईलच वापरा. आणि एक फसवी गोष्ट, रील भरपूर पळालं म्हणजे पेट्या खपल्या असं नाही, बघणारे लखनौ-पाटण्याचे असतील आणि तुमची डिलिव्हरी पुण्यापुरती असेल तर त्या व्ह्यूजचं लोणचं घालायचं का? इन्साइट्समध्ये शहरं दिसतात, ती आधी बघा.

कॅरोसेलचं, म्हणजे एकाच पोस्टमध्ये सरकवत बघायच्या अनेक फोटोंचं, काम वेगळंय. माणूस तुम्हाला ओळखतो, पण हा खरंच देवगड की कर्नाटकचा माल, आणि हिरवी पेटी आली तर घरी पिकवायची कशी, इथे तो अडलाय. हे रीलमध्ये सांगितलं तर तो बघतो आणि विसरतो, कॅरोसेल मात्र तो सेव्ह करून ठेवतो आणि पेटी घरी आली की परत उघडतो. समजा सहा स्लाइड: पहिलीवर फक्त "पेटी हिरवी आली? फ्रिजमध्ये ठेवू नका", दुसरीवर भाताच्या पेंढ्यात एका थरात मांडणी, तिसरीवर हवेशीर जागा आणि एक-दोन दिवसांनी आंबे पालटणं, चौथीवर पिकल्याची खूण म्हणजे वास येतो आणि देठाजवळ किंचित मऊ लागतो, पाचवीवर साल थोडी सुरकुतली तरी आंबा खराब नसतो हे, आणि सहावीवर ऑर्डर कशी द्यायची. वीसपर्यंत स्लाइड टाकता येतात म्हणून टाकू नका. दुसरी स्लाइड मात्र पहिलीइतकीच दमदार हवी, कारण ज्याने पहिल्यांदा स्वाइप केलं नाही त्याला तीच पोस्ट नंतर बऱ्याचदा दुसऱ्या स्लाइडपासून दिसते आणि तिथे तुमचा नुसता "चला तर मग बघूया" असेल तर संधी गेली. यशाचं मोजमाप लाइक नाही, सेव्ह आणि शेअर. ते कमी आणि लाइक भरपूर म्हणजे फोटो सुंदर होता, माहिती नव्हती.

आज पेट्या निघाल्यात आणि उद्या पुण्यात पोचणारेत, हे स्टोरीत. चोवीस तासांत गायब होते हा इथे फायदाच आहे, कारण भाव आठवड्यागणिक उतरतो आणि मार्चचा दर मेमध्ये कुणी दाखवून भांडायला नको. स्टोरी मुख्यतः फॉलोअर्सच बघतात, त्यामुळे तिच्यातून नवीन गिऱ्हाईक शोधू नका, ओळखीच्याला ऑर्डरपर्यंत न्या. तीन स्टोरी पुरे: पेटीचा आजचा फोटो, मग दर, शहर आणि किती डझनाची पेटी, मग व्हॉट्सअ‍ॅपचं लिंक स्टिकर. (कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, तरी लोक टाकतातच, असो.) दहा-बारा लावल्या तर शेवटच्या स्टोरीपर्यंत फार थोडे टिकतात आणि लिंक नेमकी तिथेच असते.

साध्या एका फोटोच्या पोस्टकडून पोचेची फार अपेक्षा ठेवू नका. पण प्रोफाइल उघडून "हे खरे आहेत का" असं तपासणाऱ्यासाठी ती लागतेच: बाग कुठे, डिलिव्हरी कुठे, पैसे कसे. ती पिन करा, तीन पोस्ट पिन करता येतात. फक्त दर फोटोवर छापू नका, पोस्ट केल्यावर फोटो बदलता येत नाही, कॅप्शन येतं.

एकट्याने सगळं सांभाळताय आणि वेळ एकाच गोष्टीला आहे? फॉलोअर्स मोजके असतील तर सीझनआधी रीलला द्या. जुनी गिऱ्हाइकं भरपूर असतील तर रील सोडा, पिकवण्याचं कॅरोसेल एकदा नीट करा आणि पेट्या निघतील त्या दिवशी तेच स्टोरीत शेअर करून खाली लिंक स्टिकर लावा.