सीआरएममधलं ‘थांबलेलं’ गिऱ्हाईक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं काम अंबडला. द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी प्रीकूलिंग आणि कोल्ड रूम बांधून देतो. विक्रीला चार जण, आणि एका वेळी पन्नास-साठ चौकश्या चालू. आठ महिन्यांपूर्वी एक्सेल सोडून सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकश्या सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव सांगत नाही, कारण पुढची गंमत बहुतेक सगळ्यांत सापडेल.

टप्पे पाचच ठेवले: चौकशी, साईट भेट, कोटेशन, वाटाघाट आणि पीओ, म्हणजे गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर. प्रत्येक कामाचं कार्ड या टप्प्यातून त्या टप्प्यात ओढायला पोरं दोन दिवसांत शिकली, त्याबद्दल तक्रार नाही. मला हवा होता तो सोमवारचा कागद: या आठवड्यात कुठलं काम गारठतंय?

सीआरएममध्ये त्यासाठी तयार सोय होती. चौदा दिवस हालचाल नसली की कार्ड लाल. मोजणी होती `Last Activity` या रकान्यावर. दीड-दोन महिने मी त्यावर विसंबलो. मग गणपती आले. ऑफिसमधून सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छांची मेल एकगठ्ठा सीआरएममधूनच गेली आणि पुढच्या सोमवारी एकही कार्ड लाल नाही! बाप्पाने सगळी कामं मार्गी लावली असं वाटावं इतकं स्वच्छ. ती मेल प्रत्येक डीलवर ‘हालचाल’ म्हणून नोंदली गेली होती.

शंका आली म्हणून त्या दिवशी कोटेशनच्या टप्प्यातली कार्डं एकेक उघडून बसलो. पिंपळगावकडच्या एका पॅकहाऊसचं बावीस लाखांचं काम. कोटेशन गेलं ४ ऑगस्टला, तो दिवस १ सप्टेंबरचा, म्हणजे अठ्ठावीस दिवस. `Close Date` तीनदा पुढे ढकललेली. पोराला विचारलं तर म्हणाला, “भाऊ, मालक चांगले बोलतात, होऊन जाईल.” मी स्वतः मालकांना, म्हणजे नानांना फोन लावला.

“अहो, बँकेला मशिनरी आणि पॅनेलचं काम वेगवेगळं दाखवून हवंय, हे मी तुमच्या माणसाला पंधरा दिवसांमागं सांगितलं,” नाना म्हणाले. “मी तुमच्या कागदाची वाट बघतोय.”

म्हणजे आम्ही त्यांची वाट बघत होतो आणि ते आमची. पोराच्या डायरीत ते लिहिलेलं होतं, सीआरएममध्ये नव्हतं. जानेवारीत द्राक्षाची तोड सुरू होते, त्याआधी रूम उभी राहिली नाही तर हे काम सरळ पुढच्या वर्षावर जातं. सुधारित कोटेशन त्याच संध्याकाळी गेलं, आणि पीओ महिनाअखेरीला आली.

त्यानंतर मोजायची पद्धत बदलली. ‘शेवटचं कधी बोललो’ सोडलं, ‘या टप्प्यात किती दिवस झाले’ धरलं. मिळालेल्या जुन्या ऑर्डरी काढल्या आणि प्रत्येक ऑर्डर कोटेशनच्या टप्प्यात किती दिवस होती ते चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला. आमचा आला बारा. सरासरी मुद्दाम घेतली नाही. एका संस्थेच्या कामाला एकशे चाळीस दिवस लागले होते, त्या एकट्याने सरासरी पार वर नेली असती. मधल्या आकड्याच्या दुप्पट दिवस झाले की ते काम यादीत. चालू डील दर सोमवारी शीटमध्ये उतरवतो. D मध्ये टप्पा, E मध्ये त्या टप्प्यात आल्याची तारीख:

```
=IF(TODAY()-E2>=2*VLOOKUP(D2,Norms!A:B,2,FALSE),"थांबलं","")
```

`Norms` या शीटवर प्रत्येक टप्प्याचा मधला आकडा. एक खाच आहे: कार्ड चुकून मागे ओढून परत पुढे आणलं की आमच्या सीआरएममध्ये ही तारीख नव्याने सुरू होते. म्हणून टप्प्यात पहिल्यांदा आल्याची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवतो. आणि वाटाघाटीच्या टप्प्याचा आकडा जेमतेम सहा ऑर्डरींवरून काढलाय, त्यावर माझा फार भरवसा नाही.

सोमवारच्या कागदावर सातच्या वर कामं घेत नाही. प्रत्येकापुढे एकच ओळ: चेंडू कोणाकडे, आणि कुठल्या तारखेपर्यंत. “फॉलोअप चालू आहे” असं लिहिलेलं मी खोडतो. “गुरुवारी सुधारित ड्रॉइंग आपण देणार” हे चालतं.

खोटी घंटाही वाजते. अनुदानाच्या फाइलवर अडलेली कामं दर आठवड्याला यादीत यायची, आणि तिथे आम्हाला करण्यासारखं काही नसायचं. म्हणून ‘मंजुरीत’ असा सहावा टप्पा केला. महिनाभरात तिथे अकरा कामं जमली. बघितलं तर खरी मंजुरीतली चार, बाकी सात पोरांनी माझ्या प्रश्नांपासून लपवून ठेवलेली. आता अर्ज दाखल केल्याची तारीख भरल्याशिवाय कार्ड त्या टप्प्यात जात नाही. गेल्या सोमवारी तिथे पाच होती. एकाची तारीख रविवारची निघाली, त्याबद्दल उद्या विचारायचंय.