बोटाची सुई की दंडावरचा सेन्सर: आकडे का जुळत नाहीत आणि कुणी काय घ्यावं

इंदूरमध्ये रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाल्ली, की तासाभरात घरातल्या मधुमेही माणसाची शुगर बघण्याची सगळ्यांनाच उत्सुकता असते. बोट टोचलं तर ग्लुकोमीटर 190 सांगतो, त्याच क्षणी दंडावरचा सेन्सर 165 दाखवतो. लगेच निकाल लागतो, “एवढे हजार घातले आणि हे खोटं बोलतंय.” माझ्या मते हा निकाल घाईचा आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते एकाच द्रवाचे नाहीत आणि एकाच वेळेचेही नाहीत.

ग्लुकोमीटर बोटातल्या केशवाहिन्यांमधलं रक्त मोजतो. स्ट्रिपवर थेंब लागला, की काही सेकंदांत त्या क्षणाची शुगर कळते. सेन्सर मात्र रक्तापर्यंत पोहोचतच नाही. त्याची केसासारखी बारीक, साधारण पाच मिलिमीटरची तार त्वचेखालच्या थरात बसलेली असते आणि पेशींच्या मधल्या फटींत जो द्रव असतो, त्यातली शुगर ती बघते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर लावलेलं असतं. ग्लुकोज त्याला भेटला, की रासायनिक क्रिया होऊन अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त. आतलं गणित त्या प्रवाहावरून रक्तातली शुगर किती असावी याचा अंदाज काढतं. म्हणजे पडद्यावर दिसतो तो अंदाज, रक्ताची थेट मोजणी नव्हे.

आता उशीर कुठे होतो ते बघू. पाटाला पाणी सोडलं, तरी वाफ्याच्या टोकाची माती लगेच भिजत नाही. केशवाहिनीतल्या ग्लुकोजचंही तसंच. भिंतीतून झिरपून तो बाहेरच्या द्रवात येतो आणि आजूबाजूच्या पेशी त्यातला थोडा वापरूनही टाकतात. शरीरातल्या या प्रवासाला साधारण पाच-सहा मिनिटं लागतात. त्यानंतर तारेवरचं आवरण ओलांडायला थोडा वेळ जातो. शिवाय प्रवाह सतत थरथरत असतो, म्हणून यंत्र मागच्या काही मिनिटांची सरासरी धरून रेषा गुळगुळीत करतं. तिथेही थोडी मिनिटं जातात. सगळं मिळून सेन्सर रक्ताच्या पाच ते दहा मिनिटं, कधी पंधराएक मिनिटं मागे असतो. नव्या यंत्रांचं गणित पुढचा अंदाज बांधून हे अंतर कमी करायला बघतं, पण ते पूर्ण पुसलं जात नाही.

शुगर स्थिर असेल तर या उशिराने काहीच बिघडत नाही. दहा मिनिटांपूर्वी 120 होती, आताही 120 आहे. फरक पडतो तो ती पळत असताना. उशीर दहा मिनिटांचा आणि वेग मिनिटाला 2.5 असेल, तर दोन आकड्यांत 25 चा फरक पडतो. वरच्या पोहे-जलेबीत नेमकं हेच झालं. शुगर कळसाला पोहोचून थोडा वेळ टिकली, की दोन्ही आकडे जवळ येतात.

चढतानाचा फरक त्रासदायक असला तरी फारसा धोक्याचा नाही. उतरतानाचा आहे. समजा, इन्सुलिन घेणारे एक काका संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूला फिरून सहा वाजता घरी आले. हात थरथरतायत, घाम फुटलाय. सेन्सर 88 म्हणतो, आकड्याशेजारचा बाण खाली, म्हणजे शुगर उतरतेय. मुलगी म्हणते, “बाबा, 88 म्हणजे ठीकच आहे की.” बोट टोचलं तर 68. शुगर मिनिटाला 2 ने उतरत होती, सेन्सर दहा मिनिटांपूर्वीचं सांगत होता.

काकांनी लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतलं. शुगर 6:05 ला 62 पर्यंत उतरली आणि मग वर वळली. 6:15 ला बोट 84 दाखवतं. सेन्सर काय दाखवेल? 6:05 चा आकडा, म्हणजे 62. “घेतलं तरी उतरतंच आहे” असं वाटून घरचे घाबरतात, आणखी ग्लुकोज, वर दोन पेढे देतात, आणि रात्री आठला शुगर 250 च्या पुढे. म्हणून शुगर उतरल्यावर उपचार लागू पडला का, हे पंधरा मिनिटांनी बोट टोचूनच बघायचं. त्या अर्ध्या तासापुरता सेन्सरचा आकडा बाजूला ठेवलेला बरा.

मग सेन्सर घ्यायचा तरी कशाला? बाणासाठी आणि रात्रीसाठी. बोटाचा 110 हा एकच ठिपका आहे. तो चढताना आला की उतरताना, हे त्यातून कळत नाही. बहुतेक सेन्सरवर तिरका बाण म्हणजे मिनिटाला 1 ते 2 चा वेग आणि सरळ उभा बाण म्हणजे 2 पेक्षा जास्त. 88 आणि सरळ खाली बाण दिसला, तर आता खरा आकडा 70 च्या खाली असू शकतो हे मनात धरून बोट टोचायचं. झोपेत शुगर उतरून बेल वाजणं हे तर ग्लुकोमीटरला जमणारच नाही.

रात्रीची एक गंमत मात्र ठाऊक हवी. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं, की त्या जागेवर दाब येतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि सेन्सर एकदम 55 दाखवून सगळ्या घराला उठवतो. आलेखात रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते आणि कूस बदलल्यावर तशीच झटकन वर येते. खरी शुगर सहसा इतक्या वेगाने पडून आपोआप सावरत नाही. शंका आली तर बोट टोचा.

ग्लुकोमीटरही धुतल्या तांदळासारखा नाही. द्राक्षं किंवा सीताफळ खाऊन हात न धुता टोचलं, तर बोटावरची साखर थेंबात मिसळून आकडा भलताच फुगतो. आणि चांगल्या मीटरलाही 100 च्या वर 15 टक्के इकडे-तिकडे माफ आहे, म्हणजे खरी 200 असताना 175 किंवा 225 आले तरी मीटर बिघडला असं म्हणता येत नाही.

आता निर्णय. मेटफॉर्मिनवर शुगर स्थिर आहे आणि उतरण्याचा त्रास नाही, तर ग्लुकोमीटर पुरे. आठवड्यात ठरलेल्या वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी टोचा. पोह्यांनी शुगर किती चढते आणि दाल-बाफल्याने किती, हे समजून घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून एखादा सेन्सर लावून बघावा, साधारण चौदा दिवस चालतो. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, रात्री शुगर उतरणाऱ्यांनी, किंवा उतरल्याची लक्षणं जाणवतच नाहीत अशांनी मात्र खर्च झेपत असेल तर सेन्सरच घ्यावा, आणि ग्लुकोमीटर कपाटात नव्हे, हाताशी ठेवावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे, एकटे राहणारे ज्येष्ठ याच गटात धरावेत असं मला वाटतं. इन्सुलिनचं प्रमाण बदलायचं असेल, तर ते मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

सेन्सर लावलाच, तर पहिल्या दिवशी त्याची परीक्षा घेऊ नका. तार नुकतीच आत गेलेली असते, तिथली जागा शांत व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवसापासून, जेवणाआधी, बाण आडवा असताना, हात धुऊन आणि पुसून बोट टोचा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. असं दोन-तीनदा केल्यावर फरक दरवेळी एकाच बाजूला आणि 20 टक्क्यांहून जास्त निघाला, तर त्या नोंदी घेऊन सेन्सर बदलून मागा.